आडवं पडलं की चढणारं बीपी

केसपेपरवर एकाखाली एक तीन आकडे लिहिलेले होते. १९६/११२, १३४/८६ आणि १०४/६८. तिन्ही एकाच बाईचे, एकाच उजव्या हाताचे आणि दहा मिनिटांच्या आत घेतलेले. पहिल्यापुढे ‘आडवी’, दुसऱ्यापुढे ‘बसून’, तिसऱ्यापुढे ‘उभी’ असं रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरने लिहून ठेवलं होतं. आपलं यंत्र बिघडलं असेल असं वाटून तिने शेजारच्या वॉर्डातून दुसरं यंत्र आणलं आणि पुन्हा मोजलं. आकडे थोडे बदलले, पण उतरण तीच राहिली. सकाळी राउंडला तिने तो कागद माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, “सर, हे नेहमीचं गरोदरपणातलं बीपी वाटत नाही.”

पुढची कहाणी ज्यांची आहे त्या कुणी एकच बाई नाहीत. नोकरीच्या वर्षांत पाहिलेल्या आणि सहकाऱ्यांकडून ऐकलेल्या काही जणींचे तपशील मी एकीच्या अंगावर घातले आहेत, म्हणजे कुणाची ओळख उघडी पडणार नाही. त्यांना आपण ‘बाई’ म्हणू. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, वय २८, पहिलंच गरोदरपण, २५वा आठवडा.

बाईंच्या तपासणीच्या कार्डावर १२व्या आठवड्यात ११८/७६ अशी नोंद होती, म्हणजे अगदी व्यवस्थित. १८व्या आठवड्यात १५०/९६ भरलं. अर्ध्या तासाने पुन्हा मोजलं तर १२२/८०. शेजारी कुणीतरी ‘घाबरल्यामुळे’ असं लिहिलं होतं. त्या लिहिणाऱ्याला मी दोष देणार नाही. त्या जागी मीही बहुधा तेच लिहिलं असतं. पण त्याच सुमारास बाईंना झटके यायला लागले होते. वर्गात खाली पडलेला खडू उचलायला वाकल्या, की दहा-पंधरा मिनिटं डोक्यात घण पडायचे, छाती धडधडायची, ब्लाउज पाठीला चिकटेल इतका घाम यायचा, आणि मग सगळं आपोआप ओसरायचं. कधी हे शौचाला बसल्यावर व्हायचं, कधी रात्री उताणं झोपल्यावर. घरात कुणी पित्त म्हणालं, कुणी दृष्ट काढली. नवऱ्याच्या मात्र एक गोष्ट लक्षात राहिली होती. पुढे निदानाला तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडली: “झटका आला की हिचा चेहरा पांढराफटक पडतो.”

२३व्या आठवड्यात बीपी १६०/१०४ भरलं, लघवीत प्रथिनं नव्हती. गरोदरपणात सर्रास दिलं जाणारं लेबेटालॉल सुरू झालं. झटके कमी व्हायच्या ऐवजी वाढले. आठवड्याभराने रात्री जोरात उलट्या सुरू झाल्या म्हणून एका रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत नेलं. तिथे उलटी थांबण्यासाठी मेटोक्लोप्रामाइडचं इंजेक्शन दिलं आणि थोड्याच वेळात बीपी २३०/१३० झालं. तिथून त्या आमच्याकडे आल्या.

वाकणं, उताणं झोपणं, कुंथणं, लेबेटालॉल, उलटीचं इंजेक्शन. या पाच गोष्टींना एका दोऱ्यात ओवणारा एक आजार आहे आणि त्याचं नाव फिओक्रोमोसायटोमा.

मूत्रपिंडाच्या डोक्यावर टोपीसारखी बसलेली अॅड्रिनल ग्रंथी असते. तिच्या गाभ्यातल्या पेशी अॅड्रिनॅलिन आणि नॉरअॅड्रिनॅलिन तयार करतात. अंगावर कुत्रा धावून आला की छाती धडधडते, हातपाय गार पडतात, दरदरून घाम फुटतो. ते या दोघांचं काम. या पेशींची गाठ झाली की कुत्रा नसतानाही ती रसायनं रक्तात सांडत राहते, कधी सतत, कधी उमाळ्याने. क्रोमियमच्या क्षारांनी या पेशी तपकिरी-काळसर होतात, म्हणून १९१२ साली लुडविग पिक या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने हे जड नाव रूढ केलं. ग्रीकमध्ये ‘फायोस’ म्हणजे काळपट आणि ‘क्रोमा’ म्हणजे रंग. गाठ बहुतेक वेळा कर्करोगाची नसते. ती जीव घेते तो तिच्यातून सुटणाऱ्या रसायनांमुळे: मेंदूत रक्तस्राव होतो, हृदयाचा स्नायू थकतो, फुप्फुसात पाणी भरतं.

गरोदरपणात ती का डिवचली जाते, हे बाईंच्या उजव्या हातावरच्या तीन आकड्यांत दिसतं. वाढतं गर्भाशय पोटातल्या अवयवांना वर ढकलतं. उताणं झोपलं की त्याचा भार मागे पडतो आणि गाठ दाबली जाते. कधीकधी बाळाची हालचाल किंवा गर्भाशयाचं आकुंचन एवढंही पुरतं. उठून बसलं की भार पुढे सरकतो आणि दाब उतरतो. उभं राहिल्यावर तो प्रमाणाबाहेर का पडतो, याचं कारण वेगळं आहे. महिनोन् महिने आवळून राहिलेल्या रक्तवाहिन्यांमध्ये रक्ताचं एकूण प्रमाणच घटलेलं असतं, त्यामुळे उभं राहिल्यावर वरपर्यंत पोचायला ते कमी पडतं. वाढलेलं बीपी आणि उभं राहिल्यावर अंधारी, ही जोडी नेहमीच्या गरोदरपणातल्या बीपीत सहसा भेटत नाही.

तरीही हा आजार चुकतो, आणि चुकण्याला कारणं आहेत. गरोदर बायकांमध्ये तो साधारण ५० हजारांत एकीला सापडतो. वर्षाला ५०० बाळंतपणं करणाऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाला या हिशेबाने एक रुग्ण भेटायला १०० वर्षं लागतील. उलट प्रीएक्लॅम्पसिया, म्हणजे गरोदरपणातच उद्भवणारा उच्च रक्तदाबाचा विकार, शंभरांत दोन ते आठ जणींना होतो. दाब वाढलेला दिसला की डॉक्टरच्या मनात आधी तोच येणार, आणि यायलाही हवा. डोकेदुखी दोन्हींत असते, बीपी दोन्हींत असतं. फरक बारीक आहेत. प्रीएक्लॅम्पसिया सहसा २० आठवड्यांनंतर सुरू होतो; ही गाठ कधीही डोकं वर काढते. प्रीएक्लॅम्पसियात बऱ्याचदा लघवीतून प्रथिनं जातात, अंगावर सूज येते, दाब चढला की चढलेलाच राहतो. इथे तो झोके घेतो. घाम, धडधड आणि पांढरा पडणारा चेहरा तिथे नेमाने दिसत नाहीत. पण कोणतीच खूण पक्की नाही. या गाठीच्या काही बायकांमध्ये दाब सतत चढलेला असतो, क्वचित लघवीत प्रथिनंही सापडतात. म्हणून पुस्तकातली कोष्टकं पाठ असलेला विद्यार्थीसुद्धा इथे फसतो.

शंका आली की तपासणी सोपी आहे, निदान कागदावर तरी. अॅड्रिनॅलिन रक्तात झटक्याने येतं आणि विरून जातं, त्यामुळे ते पकडणं अवघड असतं. पण गाठीच्या आतच त्याचं मेटानेफ्रिन नावाच्या पदार्थात सतत रूपांतर होत असतं आणि ते झटका नसतानाही रक्तात झिरपत राहतं. हे रक्तात मोजायचं किंवा २४ तासांच्या लघवीत मोजायचं. गरोदरपणामुळे हे आकडे फारसे हलत नाहीत, त्यामुळे गरोदर बाईलाही ही तपासणी चालते.

अडचण येते औषधांची. गरोदरपणात बीपीसाठी वर्षानुवर्षं दोन औषधं भरवशाची मानली गेली आहेत: मिथिलडोपा आणि लेबेटालॉल. नेमकी हीच दोन प्रयोगशाळेच्या काही पद्धतींमध्ये ढवळाढवळ करतात आणि गाठ नसताना गाठ असल्यासारखे आकडे दाखवू शकतात. तापाची साधी पॅरासिटामॉलची गोळीही काही यंत्रांना फसवते. म्हणून आम्ही बाईंचं लेबेटालॉल बंद केलं, त्या जागी निफेडिपिन दिलं आणि चार दिवस थांबलो. प्रयोगशाळेला फोन करून त्यांची पद्धत कोणती ते विचारलं. हा फोन करायचा कंटाळा करू नये, असं मी प्रत्येक नव्या निवासी डॉक्टरला सांगतो.

दुसरी अडचण आणखी मजेशीर होती. रक्तातल्या मेटानेफ्रिनसाठी रुग्णाला २०-३० मिनिटं शांत आडवं ठेवून, आधीच बसवलेल्या सुईतून रक्त घ्यावं लागतं, कारण नुसतं उठून बसलं किंवा सुई टोचली तरी आकडा वाढतो. आणि बाईंना उताणं झोपवलं की झटका! शेवटी डाव्या कुशीवर झोपवलं, पाठीला उशी लावली, खोलीतला दिवा मालवला. सिस्टर खुर्ची घेऊन शेजारी गप्प बसून राहिल्या आणि अर्ध्या तासाने नळी भरून घेतली. अहवालात मेटानेफ्रिन वरच्या मर्यादेच्या नऊपट आलं. दीडपट-दुप्पट आलं असतं तर आम्ही घोळात पडलो असतो. नऊपट येण्याला दुसरं कारण सहसा नसतं.

आता गाठ कुठे आहे ते शोधायचं. सोनोग्राफीत काही दिसलं नव्हतं. २६व्या आठवड्यात मोठ्या गर्भाशयाआडून अॅड्रिनल दिसणं कठीणच. सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरण जातात, किरणोत्सर्गी औषधाचे स्कॅन तर गरोदरपणात वर्ज्यच. राहतो एमआरआय, तोही गॅडोलिनियमचं इंजेक्शन न देता. डाव्या अॅड्रिनलमध्ये साडेचार सेंटिमीटरची गाठ दिवा लागावा तशी पांढरीशुभ्र चमकत होती.

बाईंना लेबेटालॉलने त्रास का वाढला, हे इथे सांगायला हवं, कारण या आजारातली सगळ्यात महागडी चूक हीच आहे. अॅड्रिनॅलिन रक्तवाहिन्यांवर दोन तऱ्हेच्या कड्या ओढतं असं समजा. ‘अल्फा’ कडी ओढली की वाहिनी आवळते. स्नायूंमधल्या वाहिन्यांवर ‘बीटा’ कडीही असते. ती ओढली की वाहिनी सैल होते. हृदयावरही बीटाच असते आणि ती ठोके वाढवते. रुग्णाची नाडी १२० दिसली की डॉक्टरचा हात सवयीने बीटा बंद करणाऱ्या औषधाकडे जातो. बीटा बंद झाली की वाहिन्या सैल करणारी सोय जाते आणि आवळणारी अल्फा एकटीच मोकळी राहते. दाब आकाशाला भिडतो. लेबेटालॉल दोन्ही कड्या बंद करतं हे खरं, पण तोंडाने घेतल्यावर त्याचा बीटावरचा जोर अल्फाच्या साधारण तिप्पट असतो आणि शिरेतून दिल्यावर सातपट. म्हणून नियम असा: आधी अल्फा बंद करा, त्याला काही दिवस द्या, मगच गरज असेल तर बीटा. उलट क्रम कधीच नाही.

अल्फा बंद करणारं जुनं औषध फिनॉक्सिबेन्झामिन. ते कडीला कायमचं चिकटतं, त्यामुळे धरून ठेवण्यात पक्कं. पण वारेतून बाळापर्यंतही पोचतं आणि जन्मल्यावर बाळाचा दाब व श्वास काही दिवस मंद ठेवू शकतं. आम्ही डॉक्साझोसिन निवडलं. रात्री झोपताना १ मिलिग्रॅम, मग दर दोन-तीन दिवसांनी थोडं थोडं वाढवत. पहिल्या गोळीनंतर उठताना चक्कर येण्याची भीती असते, म्हणून बाईंना आधी कॉटच्या कडेला पाय सोडून बसायचं आणि मगच उभं राहायचं असं सांगितलं होतं. पाचव्या दिवशी त्या म्हणाल्या, “सर, सर्दी झालीय, नाक चोंदलंय.” आम्ही खूश झालो. नाकातल्या वाहिन्या सैल पडल्याची ती खूण होती, म्हणजे औषध लागू पडत होतं.

खरी झुंज मिठावरून झाली. बीपी म्हटलं की मीठ बंद, हे आपल्याकडे घराघरात ठरलेलं आहे. सासूबाई घरून अळणी डबा पाठवत होत्या. पण इथे वाहिन्या सैल केल्या की आतलं रक्त अपुरं पडतं. ती जागा भरायला मीठही लागतं आणि पाणीही. आहारतज्ज्ञांनी सासूबाईंना बोलावून आमटीत नेहमीचं मीठ आणि सोबत ताक पाठवायला सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. “बीपीच्या पेशंटला मीठ?” असं त्यांनी मला दोनदा विचारलं. तिसऱ्या वेळी मी त्यांना उभं राहून घेतलेला ९२/६० आकडा दाखवला, तेव्हा डबा बदलला.

दाब किती उतरवायचा, हाही प्रश्न होता. गरोदर नसलेल्या रुग्णाचा दाब शस्त्रक्रियेआधी १३०/८०च्या खाली आणतात. पोटात बाळ असताना इतकं ताणून चालत नाही. वारेकडचा रक्तपुरवठा आईच्या दाबावर अवलंबून असतो आणि दाब पडला की तो स्वतःहून सावरत नाही. आम्ही बसून १४०/९०च्या खाली आणि उभं राहून वरचा आकडा ९०च्या वर, एवढ्यावर समाधान मानलं. दहा दिवसांनी झटके थांबले. नाडी अजून ११०च्या आसपास होती, तेव्हा कमी मात्रेत मेटोप्रोलॉल जोडलं. तेच औषध पंधरा दिवस आधी दिलं असतं तर घात झाला असता.

बाळाबद्दल एक दिलासा असा, की वारेत अॅड्रिनॅलिन मोडून टाकणारी विकरं असतात, त्यामुळे आईच्या रक्तातलं फारच थोडं बाळापर्यंत जातं. बाळाला धोका असतो तो गर्भाशयाच्या आवळलेल्या वाहिन्यांचा: वाढ खुंटते, वार अकाली सुटते. झटके थांबले की हा धोकाही कमी होतो.

मग प्रश्न आला गाठ काढायची कधी. इथे तज्ज्ञांची बैठक बसली आणि मतभेद झाले, जे व्हायलाच हवेत. शल्यविशारदांचा नेहमीचा आडाखा असा: गाठ २४ आठवड्यांच्या आत सापडली, तर दहा-चौदा दिवस अल्फाची तयारी करून दुसऱ्या तिमाहीत दुर्बिणीने काढून टाकावी. पहिल्या तिमाहीत गर्भपाताची भीती असते, आणि २४ आठवड्यांनंतर गर्भाशय बेंबीच्या वर आलेलं असल्याने जागा उरत नाही. गाठ हाताळताना गर्भाशय आकुंचन पावलं तर अकाली प्रसूती होऊ शकते. बाई २६व्या आठवड्यात होत्या आणि तयारी होईतो २८वा उजाडणार होता. एका ज्येष्ठ सहकाऱ्याचं म्हणणं, तरीही काढावी, “टाइमबॉम्ब पोटात ठेवून ११ आठवडे झोप कुणाला लागेल?”

माझं मत थांबण्याच्या बाजूचं होतं, आणि त्याला एक मोठा आधार आहे. मेयो क्लिनिकच्या इरिना बॅन्कोस आणि जगभरातल्या सहकाऱ्यांनी २३२ बायकांच्या २४९ गरोदरपणांचा अभ्यास एकत्र करून तो २०२१ साली लॅन्सेट समूहाच्या नियतकालिकात छापला. आजार न ओळखता, उपचाराविना राहिला तर आई किंवा बाळाला गंभीर इजा होण्याची शक्यता सुमारे २७ पट होती. अल्फाचं औषध दिल्याने गुंतागुंती कमी झाल्या. आणि गरोदरपणातच शस्त्रक्रिया केल्याने, ती बाळंतपणानंतर करण्यापेक्षा, निकाल अधिक चांगले दिसले नाहीत. इतक्या दुर्मीळ आजारात नाणेफेक करून दोन गट पाडलेला अभ्यास होणार नाही, त्यामुळे हाच आपला उत्तम पुरावा. तो ‘कधीच काढू नका’ असं म्हणत नाही. औषधाने दाब ताब्यात येत नसेल तर आधी काढावीच लागते. पण बाईंचा दाब ताब्यात आला होता.

थांबायचं ठरलं, म्हणजे ११ आठवडे चूक करायची नाही असं ठरलं. फाइलच्या पुठ्ठ्यावर लाल शाईने चार ओळी लिहिल्या. मेटोक्लोप्रामाइड द्यायचं नाही. अल्फाशिवाय बीटा द्यायचं नाही. बाळाची फुप्फुसं पिकण्यासाठी सवयीने दिलं जाणारं डेक्सामेथासोनचं इंजेक्शन वरिष्ठांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही, कारण स्टिरॉइडने गाठ उसळू शकते. प्रसूतीनंतर रक्तस्राव थांबवायला मेथर्जिन द्यायचं नाही, कारण ते वाहिन्या आवळतं. त्याऐवजी ऑक्सिटोसिन सावकाश द्यायचं. आणीबाणीसाठी दोन औषधं बाईंच्या वॉर्डातच ठेवली. एक फेंटोलामाइन, जे शिरेतून दिलं की अल्फा मिनिटांत बंद होते. दुसरं मॅग्नेशियम सल्फेट. हे तर प्रत्येक प्रसूतिगृहाच्या कपाटात असतं, प्रीएक्लॅम्पसियातली आकडी रोखायला. ते अॅड्रिनलमधून रसायनं सुटणंच कमी करतं आणि वाहिन्याही सैल करतं. रात्री दोन वाजता एखाद्या छोट्या गावात निदानाबद्दल शंका असेल, तर हे स्वस्त औषध दोन्ही आजारांत कामाला येतं, ही फार मोठी सोय आहे.

३१व्या आठवड्यात बाईंनी घरी जाऊ देण्याचा हट्ट धरला. आम्ही नकार दिला. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि मग वॉर्डातल्या मुलांना पाढे शिकवायला लागल्या.

३७व्या आठवड्यात ठरवून सिझेरियन केलं. नैसर्गिक प्रसूतीतल्या कळा आणि कुंथणं गाठीला उसळवू शकतात. जुन्या नोंदींत योनीमार्गे प्रसूतीत मृत्यू अधिक दिसतात. अलीकडे अल्फाने नीट झाकलेल्या काही जणींची नैसर्गिक प्रसूतीही सुखरूप झाली आहे, पण पहिलटकरणीत आम्ही ती जोखीम घेतली नाही. भूलतज्ज्ञांनी मनगटाच्या धमनीत सुई बसवली, म्हणजे प्रत्येक ठोक्याचा दाब पडद्यावर दिसेल. पाठीतून एपिड्यूरल दिलं, तेही थोडं थोडं करत, कारण अल्फा आधीच बंद असताना एकदम भूल उतरवली तर दाब कोसळतो. मुलगी झाली, २ किलो ३०० ग्रॅम. तिचा दाब आणि साखर पाहायला दोन दिवस नवजात कक्षात ठेवली. दोन्ही ठीक राहिले.

त्याच वेळी गाठही काढता आली असती. काही ठिकाणी काढतातही. पण सिझेरियनच्या छेदातून डाव्या मूत्रपिंडाच्या माथ्यावर पोचायला पोट बरंच उघडावं लागतं. सहा आठवड्यांनी गर्भाशय आक्रसल्यावर तेच काम दुर्बिणीने होतं. तोवर डॉक्साझोसिन सुरूच ठेवलं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी पडद्यावर जे दिसलं ते मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगतो. सुरुवातीला दाब १२२. शल्यविशारदांनी गाठीला हलकेच बाजूला सारलं आणि तो २०६ झाला. “थांबा,” भूलतज्ज्ञ म्हणाले. सगळ्यांचे हात थांबले. फेंटोलामाइन गेलं, १५० वर आलं, काम पुन्हा सुरू झालं. मग गाठीतून निघून मूत्रपिंडाच्या शिरेला मिळणारी ती एकुलती शीर सापडली. तिच्यावर क्लिप बसली. दोन मिनिटांत १५० चे ८४ झाले. ज्या रसायनांवर शरीर वर्षभर पोसलं होतं ती एका चिमट्याने बंद झाली होती. सलाईन जोरात सोडलं आणि, गंमत पाहा, दाब सांभाळायला आता बाटलीतलं नॉरअॅड्रिनॅलिन द्यावं लागलं. त्या रात्री दर तासाला साखर मोजली, कारण गाठ गेली की दबलेलं इन्सुलिन एकदम मोकळं होतं आणि साखर घसरते. चौथ्या दिवशी बाई बीपीची एकही गोळी न घेता घरी गेल्या.

एक प्रश्न उरला होता, आणि तो पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. बाईंच्या आईचं काही वर्षांपूर्वी “गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन” झालं होतं. जुने कागद मागवले तर ते थायरॉइडच्या मेड्युलरी प्रकाराचा कर्करोग होता. या गाठी असलेल्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांमध्ये मूळ दोष जनुकात असतो, आणि तरुण वयात सापडलेल्या गाठीत तर तो शोधावाच लागतो. बाईंच्या रक्तात ‘रेट’ नावाच्या जनुकातला बदल सापडला. तो थायरॉइडच्या या कर्करोगाला आणि अॅड्रिनलच्या गाठीला एकत्र जन्म देतो, आणि प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी असते. या आजाराची जगातली पहिली नोंदसुद्धा अशाच घराण्याची निघाली. १८८६ साली जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये फेलिक्स फ्रेंकेल यांनी अचानक गेलेल्या १८ वर्षांच्या मुलीच्या दोन्ही अॅड्रिनलमध्ये गाठी असल्याचं नोंदवलं. १२१ वर्षांनी, २००७ साली, तिच्या हयात नातलगांच्या रक्तात हाच रेट जनुकातला बदल सापडल्याचं प्रसिद्ध झालं.

बाईंची थायरॉइडची तपासणी आणि शस्त्रक्रिया पुढे झाली. उजव्या अॅड्रिनलसाठी त्यांना दर वर्षी मेटानेफ्रिन मोजावं लागणार, जन्मभर. बाळाची तपासणीही केली. काही प्रकारच्या रेट बदलांत थायरॉइड वयाच्या पाचव्या वर्षाच्या आत काढून टाकावी लागते, म्हणजे कर्करोग व्हायच्या आधीच. मुलीचा अहवाल कोरा आला.

गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीत डॉक्टर घरातल्यांचे आजार विचारतात, तेव्हा बीपी-शुगर सांगून थांबू नका. आईच्या किंवा मामाच्या गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन झालं असेल, घरात कुणी भुलेखाली दगावलं असेल, कुणाची मूत्रपिंडाजवळची गाठ काढली असेल, तर तेही कार्डावर लिहून घ्यायला सांगा. आणि घाम, धडधड, डोकेदुखीचे झटके येत असतील, तर झटका आलेला असतानाच दाब मोजून घ्या: एकदा कुशीवर झोपून आणि एकदा बसून.